पर्सनल एअर सॅम्पलिंग: ग्रॅनाइटची धूळ आणि लॅबचा रिपोर्ट

कामगार दिवसभरात श्वासातून जी हवा घेतो तीच मोजायची, शेडच्या कोपऱ्यातली नाही, यासाठीची ही पद्धत. बॅटरीवरचा छोटा पंप पट्ट्याला अडकवायचा, नळी पाठीवरून खांद्यावर आणायची आणि फिल्टरची कॅसेट कॉलरला, म्हणजे नाकातोंडापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आत. ही नोंद मुख्यतः सिलिकाबद्दल, म्हणजे दगडातल्या क्वार्ट्झच्या बारीक धुळीबद्दल आहे, कारण गोव्यात किचनच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट कापणाऱ्या शेडमध्ये हाच प्रश्न सगळ्यात मोठा, चिऱ्यापेक्षा ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ पुष्कळ जास्त असतं.

पद्धतीची सुरुवात बहुतेक जण १९६० साली शेरवूड आणि ग्रीनहाल्ग यांनी ब्रिटनमध्ये मांडलेल्या उपकरणापासून धरतात. ते किरणोत्सर्गी धुळीच्या कामातून आलं, सिलिकासाठी नव्हे. फुप्फुसात खोलवर जाणारी धूळ नेमकी कुठली, यावर मात्र बरीच वर्षं मतभेद होते. १९५९ च्या जोहान्सबर्ग परिषदेनंतर रुळलेल्या व्याख्येत ५ मायक्रॉनचे निम्मे कण धरले जायचे, अमेरिकन व्याख्येत हा आकडा ३.५ च्या आसपास होता, शेवटी आयएसओच्या १९९५ च्या मानकात ४ मायक्रॉनवर तडजोड झाली. आज ४ चीच व्याख्या धरावी. जुने रिपोर्ट नव्याशी ताडताना हा फरक लक्षात ठेवायलाच हवा.

मोठे कण गाळायला फिल्टरच्या आधी सायक्लोन बसवतात, आत हवा गरगर फिरते आणि जड कण खालच्या भांड्यात पडतात. प्रत्येक सायक्लोनचा फ्लो ठरलेला असतो, नायलॉनच्या १० मिलिमीटरवाल्याचा मिनिटाला १.७ लिटर, अॅल्युमिनियमच्या एका प्रचलित मॉडेलचा २.५. फ्लो कमी झाला की जाडे कणही पुढे सरकतात आणि आकडा फुगतो, जास्त झाला तर बारीक कणही गाळले जातात. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे पंपाचा फ्लो मोजून तपासणं, आधी आणि नंतर दोन्ही वेळा, तेही सायक्लोन आणि कॅसेट जोडून, आणि दोघांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर नमुना बाद. जेवायच्या सुट्टीत कामगार पट्टा काढून बाकावर ठेवतो, सायक्लोन उलटा होतो, भांड्यातली रेती फिल्टरवर सांडते. फिल्टरवर डोळ्यांना दिसणारे खडे असतील तर बहुधा हेच झालंय. आमच्याकडे पावसाळ्यातली दमट हवा वेगळा त्रास देते, म्हणून पाणी कमी शोषणारा पीव्हीसी फिल्टर घ्यावा आणि न वापरलेले ब्लँक फिल्टर बरोबर नेऊन आणावेत, त्यांचं वजन जेवढं बदललं तेवढं नमुन्यातून वजा होतं.

आता एक उदाहरण, फोंड्याकडच्या एखाद्या शेडचं समजा. फ्लो आधी २.५२, नंतर २.४४, सरासरी २.४८. वेळ ४०० मिनिटं, म्हणजे हवा ९९२ लिटर, ०.९९२ घनमीटर. लॅब सांगते धूळ ०.३९७ मिलिग्रॅम, त्यात एक्स-रे डिफ्रॅक्शनने क्वार्ट्झ ०.०७९ मिलिग्रॅम. भागाकार केला की घनमीटरला धूळ ०.४० आणि क्वार्ट्झ ०.०८, प्रमाण २० टक्के.

फॅक्टरी अॅक्टच्या दुसऱ्या परिशिष्टात, जे १९८७ च्या दुरुस्तीने आलं आणि २०२५ मध्ये नवा कायदा लागू होईपर्यंत होतं, घनमीटरला मिलिग्रॅममधली धुळीची मर्यादा सूत्राने दिली होती:

१० ÷ (क्वार्ट्झचा टक्का + २)

इथे १० ÷ २२ = ०.४५, आपली धूळ ०.४०, म्हणजे रिपोर्टवर ‘मर्यादेत’ असं येतं. पण हे सूत्र क्वार्ट्झच्या भाषेत उलगडलं तर जवळपास ०.०९ मिलिग्रॅमची परवानगी देतं, टक्का कितीही वाढवला तरी ०.१ च्या आतच राहतं. अमेरिकेतही पूर्वी हेच सूत्र होतं, २०१६ मध्ये कामगारांच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्या तिथल्या ओशा या सरकारी संस्थेने ते बदलून क्वार्ट्झसाठी सरळ ०.०५ केलं, आणि एसीजीआयएच या तिथल्याच तज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ल्याचा आकडा तर ०.०२५ आहे. आठ तासांच्या पाळीतली उरलेली ८० मिनिटं कामगार खरंच धुळीबाहेर होता असं धरलं तरी आठ तासांची सरासरी ०.०८ × ४०० ÷ ४८० = ०.०६७ येते, ०.०५ च्या वरच. ती ८० मिनिटं तो ग्राइंडरवरच असेल तर शून्य धरणं चूक. माझ्या मते अशा शेडला ‘मर्यादेत’ म्हणून सोडू नये, ओलं कटिंग आणि धूळ ओढणारी व्यवस्था लगेच लावावी. पायाखालचा वाळलेला चिखल झाडला की तीच धूळ परत उडते, तोही भिजवूनच काढावा.

रिपोर्टमधला ‘आढळलं नाही’ हा शेरा सगळ्यात जास्त फसवतो. लॅबची मोजण्याची खालची मर्यादा समजा फिल्टरला १० मायक्रोग्रॅम आहे आणि कोणी घाईत फक्त ४० मिनिटांचा नमुना घेतला. हवा १०० लिटर, तर ‘आढळलं नाही’ याचा अर्थ ०.१ पेक्षा कमी एवढाच, जो ओशाच्या मर्यादेच्या दुप्पट आकडा आहे. तीच मर्यादा ९९२ लिटरवर लावली तर ०.०१ येते. तेव्हा असा रिपोर्ट हातात आला की आधी हवेचं लिटर बघायचं आणि लॅबला खालच्या मर्यादेचा आकडा विचारायचा. तो मिळत नसेल तर नमुना पूर्ण पाळीचा परत घ्यावा.