चेहरा बदललेला फोटो आणि तक्रारीचं पत्र: मधली सहा वर्षं

संमतीशिवाय चेहरा चिकटवून केलेला फोटो काढून टाका, असं संकेतस्थळाला सांगणारं पत्र आज दोन परिच्छेदांत बसतं. फोटोची लिंक, चेहरा ज्या मूळ फोटोतून उचलला त्याची लिंक, ‘यातला चेहरा माझा आहे, शरीर माझं नाही, मी परवानगी दिलेली नाही’ असं एक विधान आणि २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या ३(२)(ब)चा उल्लेख. पत्र संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला जातं आणि तिथून घड्याळ सुरू होतं. २०१५ ते २०२१ या काळात मात्र अशाच पत्राने कुठलंच घड्याळ सुरू होत नव्हतं. त्याआधी ते होत होतं, निदान कागदावर तरी. म्हणजे हक्क आधी मिळाला, मग गेला आणि मग अर्धाच परत आला.

चेहरे चिकटवण्याचा उद्योग जुनाच आहे. पोलीस ठाण्यात आजही सगळ्याला सरसकट ‘मॉर्फिंग’च म्हणतात, मग ते हाताने केलेलं असो की ॲपने. कायद्यातली कहाणी सुरू होते २००४ साली. दिल्लीतल्या शाळकरी मुलांची एक क्लिप एका लिलावाच्या संकेतस्थळावर विकायला आली आणि कंपनीच्या प्रमुखालाच अटक झाली. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळाने तुरुंगात का जावं, या प्रश्नातून माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ची दुरुस्ती आली. दुसऱ्याच्या मजकुराच्या जबाबदारीतून संकेतस्थळाला वाचवणारं कलम ७९ नव्याने लिहिलं गेलं. बेकायदा मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळाल्यावर तो तातडीने हटवला नाही, तरच संकेतस्थळाचं संरक्षण जाईल, असं ठरलं.

ही प्रत्यक्ष माहिती द्यायची कोणी? एप्रिल २०११च्या नियमांनी उत्तर दिलं, की बाधित व्यक्तीने. तिने लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीच्या ईमेलने कळवावं आणि संकेतस्थळाने ३६ तासांत हालचाल करावी. फोटोतल्या बाईसाठी इतकी सरळ वाट त्याआधी नव्हती. पण तीच वाट कुणालाही, कशासाठीही मोकळी होती. त्याच वर्षी बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेने मुद्दाम सदोष नोटिसा सात संकेतस्थळांना पाठवून पाहिल्या. सहांनी गरजेपेक्षा जास्त मजकूर उडवला. मार्च २०१३मध्ये सरकारने खुलासा केला, की ३६ तास फक्त पोच देण्यासाठी आहेत, निवारणाला महिनाभर चालेल. म्हणजे वाट न्यायालयात पोचण्याआधीच निम्मी बुजली होती.

मग २४ मार्च २०१५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तो सगळ्यांना आठवतो तो आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा करणारं कलम ६६अ रद्द झालं म्हणून. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टवरून अटक झाल्यानंतर हे प्रकरण उभं राहिलं होतं, त्यामुळे महाराष्ट्रात आनंद जरा जास्तच झाला आणि तो रास्तही होता. पण त्याच निकालाच्या शेवटच्या भागात कलम ७९चा अर्थ आवळला गेला. प्रत्यक्ष माहिती म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना, असं न्यायालयाने ठरवलं. कारण असं दिलं, की मोठ्या कंपन्यांकडे लाखो विनंत्या येतात, त्यातली कुठली खरी हे त्यांनी कसं ठरवायचं?

राजकीय टीकेच्या पोस्टपुरता हा युक्तिवाद पटतो. टीका खरी की खोटी हे कंपनीने ठरवू नये. पण कुणाचा तरी चेहरा नग्न शरीरावर बसवलेल्या फोटोत ठरवायचं काय शिल्लक असतं? अशा चित्राची परवानगी दिली की नाही, हे त्या व्यक्तीपेक्षा जास्त कोण सांगणार? निकालाने हा फरक केला नाही. समोरचा वाद भाषणस्वातंत्र्याचा होता आणि फोटोतली बाई त्या वादात पक्षकार नव्हती. परिणाम असा, की संकेतस्थळ तिचं पत्र वाचून गप्प बसलं तरी त्याचं कायदेशीर संरक्षण शाबूत. तिने आधी न्यायालयात जायचं, तिथे स्वतःची ओळख सांगायची, आदेश मिळवायचा. तोवर चित्र दहा ठिकाणी पोचलेलं.

त्यातली विसंगती पुढच्याच वर्षी उघडी पडली. डिसेंबर २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइटच्या एका प्रकरणात सांगितलं, की २०१५ची अट इथे लागू नाही, हक्कदाराने नेमकी माहिती कळवली तरी पुरे. गाण्याच्या मालकाचं पत्र चालत होतं, चेहऱ्याच्या मालकिणीचं नाही. म्हणून काही वकील ‘मूळ सेल्फीवर माझा कॉपीराइट आहे’ असा वळसा सुचवत. कॉपीराइटच्या नियमांत अशा तक्रारीवर ३६ तासांत प्रत बंद ठेवायची तरतूद आहे, पण ती २१ दिवसांपुरती. पुढे न्यायालयाचा आदेश लागतोच. शिवाय फोटो लग्नातल्या फोटोग्राफरने काढला असेल, तर सेल्फीचा मुद्दाच उरत नाही.

फेब्रुवारी २०२१च्या नियमांनी वाट परत उघडली, पण अरुंद करून. ३(२)(ब)प्रमाणे व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणीही कळवलं आणि मजकूर सकृद्दर्शनी नग्नता किंवा लैंगिक कृती दाखवणारा असेल, किंवा तिची तोतयागिरी करणारा, त्यात कृत्रिमरीत्या फेरफार केलेली प्रतिमाही आली, तर २४ तासांत हटवण्याचे सर्व वाजवी उपाय करायचे. न्यायालयीन आदेश लागत नाही. बाकीच्या तक्रारींना तेव्हा १५ दिवस होते.

पत्र फसतं ते नेमकं इथे. मराठी माणूस रागाने पहिली ओळ लिहितो, ‘माझी बदनामी झाली आहे’. बदनामी ही वेगळीच वाट आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये तर संकेतस्थळांनी मनाई करायच्या मजकुराच्या यादीतून बदनामीचे शब्दच काढून टाकले. ‘माझा खाजगी फोटो व्हायरल केला’ हेही घोटाळ्याचं, कारण शरीर तिचं नसतं. खाजगी अवयवांच्या चित्रणाचं कलम ६६ई अशा चित्राला नीट बसत नाही ते त्यामुळेच. ‘माझ्या चेहऱ्याची फेरफार केलेली प्रतिमा’ असं थेट लिहिलं की तक्रार योग्य रांगेत लागते. दुसरी चूक म्हणजे पानाची किंवा प्रोफाइलची लिंक देणं. प्रत्येक चित्राची स्वतंत्र लिंक हवी, सोबत तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. आणि तक्रारीनंतर हटवलेला मजकूर संकेतस्थळाने १८० दिवस जपून ठेवायचा असतो, त्यामुळे चित्र उतरल्यावर पोलिसांकडे जायला उशीर झाला असं मानू नये.

फेब्रुवारी २०२६च्या दुरुस्तीने या २४ तासांचे २ तास केले, इतर तक्रारींचे १५ दिवस ७वर आणले. ज्या परदेशी संकेतस्थळाने भारतात तक्रार अधिकारीच नेमलेला नाही, तिथे २ तास मोजणार कोण, हे मात्र तसंच राहिलं. तिथे पत्र शोधयंत्राला पाठवावं लागतं. एप्रिल २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शोधयंत्रांना सांगितलं, की एकदा हटवलेलं चित्र पुन्हा दिसल्यावर पीडितेकडे पुन्हा लिंक मागू नका, चित्राचा डिजिटल ठसा जुळवून स्वतः हटवा. कंपन्यांनी त्यावर अपील केलं. शिवाय ठसा जुळतो तो त्याच चित्राशी आणि त्याच्या किरकोळ बदललेल्या प्रतींशी. तोच चेहरा दुसऱ्या शरीरावर बसवला की ठसा नवा, आणि पत्रही नवं.