टेकडी दिसते, तरी लिंक का अडते?

दोन टेकड्यांवर समोरासमोर अँटेना लावून 5.8 गिगाहर्ट्झची वायरलेस लिंक जोडायची आहे असं समजू. अंतर 30 किलोमीटर. समुद्रसपाटीपासून पहिला अँटेना 720 मीटरवर, दुसरा 680 मीटरवर. मध्ये, पहिल्या टेकडीपासून 12 किलोमीटरवर, 675 मीटर उंचीची एक डोंगरधार आडवी आहे.

आधी टेरेन प्रोफाइल काढतात, म्हणजे या दोन बिंदूंमधल्या जमिनीचा उभा छेद. उंचीचे आकडे बहुधा फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने रडारने केलेल्या एसआरटीएम मोजणीतून घेतात. छेदावर दोन्ही अँटेना जोडणारी रेघ ओढली, की ती धारेवर 704 मीटर उंचीवर येते. धारेच्या माथ्यावर 29 मीटर मोकळे. भरपूर वाटतात!

पण कागद सपाट आहे आणि पृथ्वी गोल. हवेत रेडिओलहरी किंचित खाली वाकतात, त्याची सूट धरूनही मधल्या जमिनीचा फुगवटा मोजावा लागतो: दोन्ही टोकांपासूनची अंतरं किलोमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि 17 ने भागायचं. 12 × 18 ÷ 17, म्हणजे जवळपास 13 मीटर. उरले 16.

शिवाय रेडिओलहर दोऱ्यासारखी बारीक नसते. रेषेभोवतीचा लांबट फुगीर भाग, म्हणजे फ्रेनेल झोन, बराचसा रिकामा लागतो. इथे त्याची त्रिज्या सुमारे 19 मीटर भरते. प्रघात असा, की तिच्या निदान 60 टक्के, म्हणजे साडेअकरा मीटर, जागा मोकळी हवी. 16 आहेत, म्हणजे जमतं.

आता धारेवर 15 मीटर उंच झाडं आहेत असं धरा. एसआरटीएमच्या रडारला पानांचा वरचा थर काही प्रमाणात दिसतो, सगळा नाही, त्यामुळे झाडांची उंची प्रोफाइलमध्ये किती आली हे आकड्यांवरून कळत नाही. ती मुळीच आली नसेल, तर उरतो जेमतेम एक मीटर. अशा वेळी समोरची टेकडी दुर्बिणीतून दिसते, पण सिग्नल हिशेबापेक्षा सुमारे 5 डेसिबलने, म्हणजे साधारण एक तृतीयांशावर येतो. अँटेनाची दिशा नीट साधूनही तूट तेवढीच राहिली, तर आधी धारेवर संशय घ्यावा. 30 मीटरच्या चौकटींत मोजलेली उंची अरुंद, टोकदार माथाही बोथट करते. त्यामुळे शंका आली की मी तरी तिथे जाऊन पाहण्याच्याच बाजूचा.

उपाय म्हणजे खांब वाढवणे. कुठला? धारेच्या जवळचा. पहिल्या टेकडीवर खांब 10 मीटरने वाढवला तर धारेवरची रेषा 6 मीटर उचलली जाते, दुसऱ्या टेकडीवर वाढवला तर फक्त 4. आपल्याला धारेवर आणखी सुमारे 10 मीटर हवे आहेत: पहिल्या बाजूला सुमारे 17 मीटरचा जास्तीचा खांब पुरेल, दुसऱ्या बाजूला मात्र 26 लागेल. आणि झाडं वाढतात, म्हणून त्यांच्यासाठी आणखी चार-पाच मीटर आत्ताच धरलेले बरे.