25.2 हा आकडा आला कुठून?

नाशिकमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या काही मुलांच्या जर्सीखाली आता पाठीवर छोटा खिसा असलेलं बनियन दिसतं. त्या खिशात काडेपेटीहून थोडं मोठं जीपीएस युनिट असतं. सामना संपला की प्रशिक्षकाच्या फोनवर आकडे येतात: एकूण अंतर, हाय स्पीड रनिंग इतके मीटर, स्प्रिंट इतके. संध्याकाळपर्यंत ते पालकांच्या ग्रुपवर जातात आणि कोण किती पळालं यावर चर्चा सुरू होते. यातला स्प्रिंट म्हणजे साधारण ताशी 25.2 किलोमीटरच्या वर गेलेली धाव. यातले शेवटचे दोन आकडे वाचण्याआधी ते मोजायची पद्धत कशी ठरली, हे माहीत असायला हवं.

सुरुवात उपग्रहांपासून झाली नाही. टॉम रायली आणि व्ही. थॉमस यांनी इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास 1976 मध्ये प्रसिद्ध केला. निरीक्षकाने एका वेळी एकाच खेळाडूवर नजर ठेवायची, मैदानावरच्या रेषा आणि खुणांच्या आधाराने अंतराचा अंदाज घ्यायचा आणि टेपरेकॉर्डरमध्ये बोलत राहायचं: चालला, हळू पळाला, वेगात पळाला, स्प्रिंट मारला. म्हणजे स्प्रिंट कशाला म्हणायचं हे माणसाची नजर ठरवत होती. खेळाडूने जीव तोडून धाव घेतली की तो स्प्रिंट, मग त्याचा वेग कितीही असो.

नव्वदच्या दशकात स्टेडियममध्ये कायमचे कॅमेरे बसवून सगळ्या खेळाडूंचा एकाच वेळी माग काढणाऱ्या यंत्रणा आल्या. प्रोझोन आणि अमिस्को ही त्यातली दोन ठळक नावं. संगणकाला ‘जीव तोडून’ म्हणजे काय ते कळत नाही, त्याला वेगाची रेषा आखून द्यावी लागते. प्रोझोनवर झालेल्या अभ्यासांत ताशी 19.8 किलोमीटरच्या वर हाय स्पीड रनिंग आणि साधारण 25.2 च्या वर स्प्रिंट अशी विभागणी रुळली. हे आकडे फार काटेकोर वाटतात, पण 3.6 ने भागून पाहा: सेकंदाला 5.5 मीटर आणि 7 मीटर. सोयीचे आकडे आहेत. सगळ्यांना एकच रेषा मिळाली म्हणून संघासंघांची, हंगामाहंगामांची तुलना करता आली, आणि तो फायदा मोठा होता. मात्र 25.2 ला शरीरात एकाएकी काही बदलतं, असं अजिबात नाही.

ही रेषा कुठे आहे याचा अंदाज नाशिककरांना लगेच येईल. आपल्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्यपदक जिंकलं, वेळ सुमारे 33 मिनिटं. सरासरी वेग निघतो ताशी 18 किलोमीटरच्या आसपास. शेवटच्या जोरकस फेरीसारखे तुकडे सोडले, तर फुटबॉलच्या हिशेबात त्या शर्यतीचा बहुतेक भाग ‘हाय स्पीड’मध्ये मोजलाच जाणार नाही. ती शर्यत सोपी होती असं कोणी म्हणेल का? हा आकडा वेग सांगतो, श्रम सांगत नाही.

कॅमेऱ्यांची यंत्रणा श्रीमंत स्टेडियमपुरती होती. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली आणि अंगावर घालायच्या युनिटचा रस्ता मोकळा झाला. सुरुवातीची युनिटं सेकंदाला एकच नोंद घेत. सात मीटर प्रतिसेकंद वेगाने पळणारा खेळाडू दोन नोंदींच्या मध्ये सात मीटर पुढे गेलेला असायचा, त्यामुळे दोन सेकंदांच्या धावेबद्दल हाती जवळजवळ काहीच लागत नसे. पुढे पाच आणि मग दहा नोंदींची युनिटं आली. तरी अधिकृत सामन्यात ती घालायला सर्वसाधारण परवानगी नव्हती. सरावाचे आकडे जीपीएसचे आणि सामन्याचे कॅमेऱ्याचे, असा दोन मापांचा कारभार चाले. खेळाचे नियम ठरवणाऱ्या इफॅबने 2015 मध्ये वाट मोकळी केली. यंत्रं बदलली, रेषा मात्र बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्याच्या काळातल्याच राहिल्या.

स्प्रिंटच्या संख्येत आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. रेषेच्या वर किती वेळ टिकलं म्हणजे एक स्प्रिंट धरायचा? समजा विंगर पोरगा बॉलमागे सुटला. दहा हर्ट्झच्या युनिटने दर दशांश सेकंदाला त्याचा वेग असा नोंदवला:

24.8, 25.4, 25.9, 25.6, 25.0, 24.9, 25.3, 25.7, 26.1, 25.8, 25.5, 25.1

मैदानावर उभ्या माणसाला ही सलग एकच धाव दिसते. यंत्राला मात्र रेषेच्या वरचे दोन तुकडे दिसतात, पहिला तीन नोंदींचा, दुसरा पाच नोंदींचा. किमान वेळेची अट नसेल तर स्प्रिंट दोन. अट अर्ध्या सेकंदाची असेल तर पहिला तुकडा गळतो, उरतो एक. अट एका सेकंदाची असेल तर शून्य. अंतर मात्र वरच्या आठही नोंदींचं धरलं तर प्रत्येक वेळी तेच, पावणेसहा मीटरच्या आसपास. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या युनिटवरचे स्प्रिंट शेजारी ठेवून ‘आमचा पोरगा जास्त पळाला’ म्हणणं चूक आहे. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर एकाच खेळाडूची संख्या अचानक उडी मारते, तेव्हा आधी हीच अट तपासावी. अंतर फारसं न हलता फक्त संख्या बदलली असेल, तर पोराचा खेळ बदललेला नसून सेटिंग बदललंय असा संशय घ्यायला हरकत नाही.

रेषेखाली काय काय राहून जातं, तेही बघा. स्टॉपर उभ्या जागेवरून आठ मीटर झेपावतो, बॉल काढतो आणि थांबतो. तेवढ्या अंतरात तो सहसा 25 पर्यंत पोचतच नाही. मांडीच्या स्नायूंनी पूर्ण ताकद लावली, स्प्रिंटच्या रकान्यात शून्य. रायली-थॉमसच्या निरीक्षकाने कदाचित तो स्प्रिंट म्हणून बोलला असता. ही उणीव लक्षात आल्यावरच वेग वाढवण्या-कमी करण्याच्या नोंदी वेगळ्या मोजायची पद्धत आली. मधल्या फळीतल्या आणि बचावातल्या पोरांसाठी ते रकाने जरूर उघडावेत.

मुलांच्या बाबतीत रेषेचा प्रश्न अधिकच टोचतो. ज्याचा कमाल वेग 33 आहे, त्याच्यासाठी 25.2 म्हणजे कमालीच्या 76 टक्के. चौदा वर्षांच्या ज्या पोराचा कमाल वेग 27 आहे, त्याच्यासाठी तेच 93 टक्के. दुसऱ्याच्या खात्यात दोनच स्प्रिंट दिसले, तरी ते त्याच्या शरीराने जवळजवळ शेवटच्या टोकाला जाऊन मारलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी हॅमस्ट्रिंग धरलेली असू शकते. म्हणून प्रत्येकाचा कमाल वेग ताज्या पायांनी, तीस-चाळीस मीटरच्या धावेत मोजून घ्यावा आणि त्याच्या ठरावीक टक्क्यांवर दुसरी रेषा लावावी. वाढत्या वयात दर काही महिन्यांनी ती पुन्हा मोजावी लागते. 25.2 ची रेषा टाकून द्यायची नाही, कारण बाहेरच्या खेळाडूंशी तुलना तिच्यावरच होते. दोन्ही रकाने शेजारी ठेवावेत.

आणि एका सामन्यावरून निकाल देऊ नये. इंग्लिश प्रीमियर लीगच्या खेळाडूंवरच्या 2010 च्या अभ्यासात एकाच खेळाडूचं स्प्रिंटचं अंतर सामन्यागणिक सरासरी 30 टक्क्यांच्या आसपास वर-खाली होत होतं. गेल्या रविवारी 200 मीटर आणि या रविवारी 150, एवढ्यावरून पोरगा थकलाय असं म्हणता येत नाही. प्रतिस्पर्धी मागे बसून खेळला असेल, जागाच मिळाली नसेल. चार-पाच सामने, तेच युनिट, तीच अट आणि खेळलेली मिनिटं, एवढं एका ओळीत लिहून ठेवलं की त्यापुढची घसरण खरी आहे का ते विचारता येतं.