करारात जे लिहिलंच नाही

वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या सौद्यांत असतो तसा एक मजकूर घेऊ. नमुन्यासाठी मीच तो लिहिला आहे, पण अशी कागदं त्या भागात कोणाच्याही कपाटात सापडतील. ऑगस्ट 2025 मध्ये स्टॅम्प पेपरवर केलेला हा करार आहे:

"अंदाजे 300 संत्रा झाडांचा आंबिया बहार लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना उक्ता रु. 4,50,000/- (अक्षरी रुपये चार लाख पाच हजार फक्त) मध्ये विकला. इसार रु. 50,000/- आज रोजी रोख मिळाले. उर्वरित रक्कम दि. ______ रोजी देण्यात येईल. माल दिवाळीपर्यंत तोडून न्यावा."

आता समजा, एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे सभासदांचे असे काहीशे करार आहेत आणि ते सगळे एका तक्त्यात भरायचे आहेत. रकाने पाच: एकूण रक्कम, इसार, उर्वरित रक्कम देण्याची तारीख, तोडणीची मुदत, आणि फळगळ झाली तर नुकसान कोणाचं. हे काम आता भाषा-मॉडेलकडून करून घेता येतं. कागदाचा फोटो काढायचा, त्यातला मजकूर ओळखून घ्यायचा, मॉडेलला रकान्यांची नावं द्यायची आणि उत्तर घ्यायचं. काही सेकंदांत पाचही रकाने भरून येतात. गडबड नेमकी इथेच आहे, कारण या करारात नीट भरता येण्यासारखा रकाना एकच आहे, इसाराचा.

भाषा-मॉडेल पुढचा शब्द ठरवतं तो शक्यतेवरून. त्याने शिकताना हजारो करार वाचलेले असतात. "उर्वरित रक्कम दि." यानंतर तारीख येते हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि समोरच्या कागदावर तिथे कोरी रेघ असली तरी तारखेकडचा त्याचा ओढा कमी होत नाही. फळगळीचंही तसंच. बागेचा सौदा उक्ता झाला की पुढचं नुकसान घेणाऱ्याचं, असं वाक्य कितीतरी करारांत असतं. मॉडेल बहुधा तेच लिहून मोकळं होतं. वाक्य इतकं रास्त वाटतं की तपासणाऱ्याची नजर त्यावरून घसरून जाते. आकडा अगदीच विचित्र असता, तर चूक लगेच सापडली असती.

त्यात आपणही भर घालतो. तक्त्याचा साचा बनवताना प्रत्येक रकाना 'आवश्यक' ठरवला आणि त्यात तारीखच हवी अशी अट घातली, तर मॉडेलला खोटं लिहिण्यावाचून पर्यायच उरत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती साच्यातच करावी लागते. प्रत्येक रकान्यात उत्तर भरण्याआधी त्याची स्थिती विचारायची: मिळालं, मिळालं नाही, संदिग्ध आहे, की वाचता आलं नाही. आणि सोबत करारातलं मूळ वाक्य जसंच्या तसं मागायचं. तोडणीच्या मुदतीचं उत्तर मग असं दिसतं:

```json
{
  "तोडणीची_मुदत": {
    "status": "ambiguous",
    "value": null,
    "quote": "माल दिवाळीपर्यंत तोडून न्यावा",
    "note": "दिवाळीचा कोणता दिवस ते नमूद नाही"
  }
}
```

दिवाळीची तारीख कोणीही सांगेल, मग यात संदिग्ध काय, असं वाटू शकतं. पण 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 20 ऑक्टोबरला की 21 ला, यावरच पंचांगांत एकमत नव्हतं. शिवाय 'दिवाळीपर्यंत' म्हणजे धनत्रयोदशीपर्यंत, लक्ष्मीपूजनापर्यंत की भाऊबीजेपर्यंत? गावात बोलताना हा प्रश्न पडत नाही. माल झाडावर उभा असताना व्यापाऱ्याची गाडी चार दिवस उशिरा आली, की मात्र पडतो. मॉडेलने `2025-10-21` असं लिहिलं, तर तक्ता वाचणाऱ्याला कळणारही नाही की मूळ कागदावर तारीख नव्हतीच.

रकमेचा रकाना याहून वाईट आहे. आकड्यात साडेचार लाख, अक्षरात चार लाख पाच हजार. इसार वजा करून उरतात एकीकडे 4,00,000 आणि दुसरीकडे 3,55,000 रुपये, म्हणजे 45,000 चा फरक. चेकवर आकडा आणि अक्षर जुळत नसेल तर अक्षरातली रक्कम धरायची, असं परक्राम्य संलेख अधिनियम सांगतो, आणि करार वाचतानाही वकील बहुतेक वेळा अक्षराकडे झुकतात. पण इथे लिहिणाऱ्याचा हात 'पन्नास' ऐवजी 'पाच' असा चुकला असण्याची शक्यता उघड दिसते. उतारा काढणाऱ्याने, तो माणूस असो वा मॉडेल, यातलं एक निवडायचं नाही. दोन्ही रकमा दाखवायच्या, "संदिग्ध" असा शिक्का मारायचा आणि पुढे द्यायचं.

कायद्याची वृत्तीही साधारण हीच आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 29 नुसार ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल ठरतो. तिथल्या उदाहरणात एक जण आपला पांढरा घोडा 'पाचशे किंवा हजार रुपयांना' विकायचं कबूल करतो. दोनपैकी कोणती किंमत, हे कशावरूनच कळत नाही, म्हणून करार रद्द. त्याच वर्षीच्या पुरावा कायद्यातलं उदाहरण तर आपल्या कोऱ्या रेघेसाठीच लिहिल्यासारखं आहे. दस्तऐवजात जागा कोऱ्या सोडल्या असतील, तर त्या कशा भरायच्या होत्या हे दाखवणारा पुरावा देता येत नाही. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा नियम राहिला आहे. जी जागा न्यायालयातही पुराव्याने भरू देत नाहीत, ती तक्त्यात परस्पर भरणं हा विचित्रच कारभार झाला.

साचा सुधारला तरी मॉडेल अंदाज का करतं, याचं मोठं कारण गुण देण्याच्या पद्धतीत आहे. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला शून्य आणि कोऱ्यालाही शून्य, अशी परीक्षा असेल तर कोणताही हुशार विद्यार्थी एकही प्रश्न कोरा सोडणार नाही. मॉडेलांची तपासणी बरीच वर्षं याच पद्धतीने झाली. चुकीला तीन गुण वजा केले, तर गणित उलटतं. खात्री 75 टक्क्यांहून जास्त असेल तरच उत्तर देणं परवडतं. खात्री 60 टक्के असेल तर सरासरी हिशेब 0.6 वजा 1.2 होतो, म्हणजे तोटा. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. करारातली चुकीची तारीख कोऱ्या रकान्यापेक्षा किती महाग पडते, हे ठरवायचं काम मात्र कंपनीचं आहे, आणि ते आधीच ठरवायला हवं.

ही अडचण मोजून दाखवणारं एक जुनं काम आहे. 2018 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उतारा वाचून उत्तर देण्याच्या प्रश्नसंचात पन्नास हजारांहून जास्त असे प्रश्न घातले, ज्यांचं उत्तर उताऱ्यात नव्हतंच, पण असल्यासारखं वाटत होतं. आधीच्या संचावर 100 पैकी 86 च्या आसपास गुण मिळवणारी चांगली प्रणाली नव्या संचावर 66 वर आली. वाचता येत होतं, 'इथे नाही' म्हणता येत नव्हतं.

मग आपल्या तक्त्यावर भरवसा ठेवायचा की नाही, हे कसं ओळखायचं? मला सगळ्यात आवडणारी तपासणी फार सोपी आहे. ज्या करारात एखादं कलम स्पष्ट आहे, असे काही करार घ्यायचे. त्यातलं तेवढंच वाक्य खोडायचं आणि पुन्हा तोच रकाना विचारायचा. वाक्य गेल्यावर उत्तरही गेलं, तर मॉडेल कागद वाचत होतं. वाक्य नसतानाही "नुकसान घेणाऱ्याचं" असंच आलं, तर ते कागदावरून आलेलं नाही. बऱ्याचदा आधीचं बरोबर उत्तरही निव्वळ अंदाजच होतं, हे अशा वेळी उघडं पडतं.

दुसरी तपासणी यंत्रच करू शकतं. मॉडेलने दिलेलं मूळ वाक्य करारात खरंच आहे का, हे शोधून पाहायचं आणि सापडलं नाही तर उत्तर बाद करायचं. मराठीत इथे एक खाच आहे. 'दुसऱ्या' हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो, एका प्रकारात स्वतंत्र 'ऱ' असतो आणि दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. तीच गत ५ आणि 5 ची. दोन्हीकडचा मजकूर आधी एकाच रूपात आणला नाही, तर खरी वाक्यं खोटी ठरतात. आणि वाक्य सापडलं म्हणजे काम झालं असंही नाही. "इसार रु. 50,000/-" हे खरं वाक्य पुढे करून मॉडेल दंडाची रक्कम 50,000 लिहू शकतं. वाक्यातून ते उत्तर निघतं का, हे वेगळं पाहावंच लागतं.

उलटी चूकही होते, आणि ती दुर्लक्षित राहते. "मिळालं नाही" म्हणायची मोकळीक दिली की मॉडेल कधी कधी भित्रं होतं. करारात 'फळगळ' शब्द नाही, पण "अस्मानी-सुलतानी झाल्यास लिहून देणार जबाबदार नाही" असं आहे, आणि तरी रकान्यात 'नाही' येतं. अशा जागी कलमाचं नाव नुसतं न देता त्याचा अर्थ आणि गावात लिहिण्याच्या तऱ्हा सोबत द्याव्या लागतात. म्हणून दोन्ही चुका वेगवेगळ्या मोजायच्या: नसलेलं किती वेळा भरलं, आणि असलेलं किती वेळा नाकारलं. सगळं मिळून टक्केवारी काढली तर यातलं काहीच कळत नाही.

'वाचता आलं नाही' ही स्थिती वेगळी ठेवण्याचं कारण गावच्या कागदांतच आहे. नेमक्या रकमेवर शिक्का उमटलेला असतो, घडी ओळीवरून गेलेली असते, किंवा फोटो पहिल्याच पानाचा काढलेला असतो. तिथे "मिळालं नाही" लिहिलं तर करारात अट नाही असा अर्थ निघेल, आणि ती अट मागच्या पानावर असेल. पानांची संख्या आधी टिपून ठेवली तर हे बरंचसं टळतं.

असा तक्ता हाती आला की इसाराचा रकाना सोडून बाकी चार रकान्यांसाठी कोणीतरी शेतकऱ्याला फोन लावतो. "भाऊ, बाकीचे पैसे कोनत्या तारखेले ठरले होते?" यावर येणारं उत्तरही करारातल्या रकान्यात जात नाही. ते "तोंडी माहिती" म्हणून शेजारी, कोणी आणि कधी सांगितलं यासह नोंदवायचं. आणि हंगाम अजून सुरू व्हायचा असेल, तर दोघांना बसवून कोरी रेघ पेनाने भरून घ्यायची, बाजूला दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि त्या पानाचा नवा फोटो काढून रकाना पुन्हा चालवायचा.