तोच फोटो की तसाच फोटो? सीड आणि स्टाइल रेफरन्समधला घोळ

तांबट आळीतल्या एका काकांसाठी मिडजर्नी या चित्रं बनवणाऱ्या एआयमध्ये तांब्याचा फोटो केला होता. ओला काळा पाषाण, डावीकडून खिडकीतला उजेड, भांड्याच्या गळ्याशी पाण्याचे थेंब. काका खूश. म्हणाले, "आता पेला नि घंगाळ पण अगदी असंच द्या." मी सीड नंबर जपून ठेवला होता, त्यामुळे निर्धास्त होतो. प्रॉम्प्टमधला, म्हणजे चित्राचं वर्णन लिहून देतो त्या ओळीतला, तांब्या काढून पेला घातला, सीड तोच ठेवला. पेला आला, पण पाषाणाचं लाकडी टेबल झालं होतं आणि उजेड समोरून येत होता.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. जुन्या टीव्हीवर सिग्नल गेला की मुंग्या यायच्या, आठवतं? हे मॉडेल तसल्याच मुंग्यांपासून सुरुवात करतं आणि प्रॉम्प्ट वाचत वाचत त्यातून चित्र काढतं. सीड म्हणजे कोणत्या मुंग्यांपासून सुरुवात करायची, एवढंच सांगणारा आकडा. त्याला उजेड कळत नाही, पाषाणही कळत नाही. प्रॉम्प्ट, व्हर्जन आणि फोटोचं माप जसंच्या तसं असेल तर त्याच मुंग्यांतून जवळपास तेच चित्र निघतं. एक शब्द बदलला की त्याच मुंग्यांतून वेगळं काही निघू शकतं.

माझी दुसरी चूक जास्त बोचली. काकांना आवडलेला फोटो मुळात मिडजर्नीनं प्रॉम्प्टवरून दिलेल्या पहिल्या चार चित्रांतला नव्हताच. त्यातल्या तिसऱ्यावरून काढलेलं ते व्हेरिएशन होतं. मिडजर्नीत सीड लागू होतो तो फक्त पहिल्या चौकडीला. व्हेरिएशन आधीच्या चित्रावर बेतलेलं असतं, त्यामुळे त्याचा सीड घेऊन कोऱ्या प्रॉम्प्टपासून कितीही वेळा चालवा, ते हाती लागत नाही. अशा फोटोचा नंबर नाही, फाइल जपायची.

ती फाइल मग रेफरन्स म्हणून द्यायची. त्यातही दोन वाटा आहेत. चित्राची लिंक नुसती प्रॉम्प्टच्या सुरुवातीला टाकली तर त्यातला आकारही उतरतो. त्याचा जोर `--iw` ने ठरतो. मी आधी तेच केलं, तर पेल्याला तांब्यासारखा गळा फुटला! तीच लिंक `--sref` च्या मागे दिली की मुख्यतः रंग, उजेड आणि पोत घेतला जातो, वस्तू मात्र प्रॉम्प्टमधली राहते. आपल्याला हवं होतं ते हेच.

```
copper tumbler on wet black basalt, window light from left --ar 4:5 --v 6.1 --seed 48213 --sref <लिंक> --sw 250
```

`--sw` म्हणजे स्टाइलचा जोर, 0 ते 1000. काहीच लिहिलं नाही तर 100 धरला जातो. पेल्याला 100 वर पाषाण आला, पण उजेड सपाट राहिला. 250 वर तो तांब्याच्या शेजारी ठेवण्याजोगा झाला. लोभ सुटून 700 केलं, तर पेल्याभोवती थेंबांचा पाऊस. पुढे पितळी समई करताना तर 700 वर पितळच तांबूस झालं, कारण रेफरन्समधला तांब्याचा रंगही स्टाइल म्हणूनच मोजला गेला. धातू बदलला की जोर कमी करायचा, हे मी तेव्हा शिकलो.

मग वरच्या ओळीत सीड कशाला? तुलनेसाठी. सीड बांधलेला नसेल तर दर वेळी मुंग्याच बदलतात, आणि उजेड सुधारला तो `--sw` मुळे की नशिबानं, हे सांगता येत नाही. सीड तोच ठेवून फक्त `--sw` बदला, फरक लगेच दिसतो. एवढं मात्र धरून चाला की मिडजर्नी सीडची खात्री देत नाही. महिन्याभरानं त्याच आकड्यावर थोडं वेगळं चित्र येऊ शकतं. स्वतःच्या संगणकावर स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं दुसरं मॉडेल चालवणाऱ्यांना ही अडचण कमी, पण त्यांनाही मॉडेल, सॅम्पलर, स्टेप्स आणि माप सगळं लिहून ठेवावं लागतं. नुसतं माप बदललं तरी मुंग्या बदलतात.

फोटो दाखवले तेव्हा काकांनी चष्मा लावून पेल्याकडे पाहिलं. "हे मठारकाम आमचं नाही. आमचे ठोके ओळीत असतात." बरोबरच होतं, ठोके मॉडेलनं मनानं मारले होते, आणि सीड किंवा `--sw` कितीही फिरवला तरी ते काकांचे होणार नव्हते. शेवटी खरा पेला डावीकडच्या खिडकीशी ठेवून मोबाइलवर टिपला, कापून घेतला आणि जनरेट केलेल्या पाषाणावर बसवला. सावली हातानं काढावी लागली.