पाण्याचं सूत्र ग्लायकॉलला लावलं तर

एका दूध प्रक्रिया केंद्रात चिलरची नवी लाईन टाकली होती. ट्रायल साध्या पाण्यावर घेतली तेव्हा पंप ठरल्याप्रमाणे चालला. मग लाईन रिकामी करून त्यात, पाणी गोठू नये म्हणून, 30 टक्के प्रोपिलीन ग्लायकॉलचं मिश्रण भरलं आणि तापमान शून्य अंशावर आणलं. पंप, पाईप, व्हॉल्व्ह, सगळं तेच होतं, तरी फ्लोमीटरचा आकडा खाली आला. चिलरमध्ये जाणारं आणि बाहेर पडणारं मिश्रण यांच्या तापमानातला फरक 5 अंश धरला होता, तो साडेसहावर गेला. दोन दिवस आम्ही गाळणी उघडून कचरा शोधत होतो. चूक पाईपात नव्हती, माझ्या हिशेबाच्या वहीत होती. घर्षणाचं सूत्र मी पाण्याचं वापरलं होतं.

ते सूत्र हेझन-विल्यम्सचं. ॲलन हेझन आणि गार्डनर विल्यम्स या अमेरिकन अभियंत्यांनी 1905 च्या सुमारास पाण्याच्या नळांवरच्या मोजमापांवरून ते बसवलं:

```
h = 10.67 L Q^1.852 / (C^1.852 d^4.87)
```

यात h म्हणजे घर्षणात जाणारं हेड, म्हणजे द्रवाच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला दाब, मीटरमध्ये. L लांबी, d आतला व्यास आणि Q प्रवाह, दर सेकंदाला घनमीटर. C हा पाईपच्या गुळगुळीतपणाचा आकडा: प्लास्टिकला 140 ते 150, जुन्या बिडाच्या पाईपला 100 किंवा त्याहून कमी. 1.852 हा विचित्र घातांक कुठल्या नियमातून निघालेला नाही. मोजलेल्या बिंदूंवर तो बरा बसला, इतकंच. आता या सूत्रात काय नाही ते पाहा. द्रव कोणता हे विचारलेलंच नाही, तापमानही नाही. 15 अंशांच्या आसपासचं पाणी त्यात गृहीतच धरलंय.

दुसरं सूत्र डार्सी-वाइसबाखचं. त्याचा साचा जर्मनीत वाइसबाख यांनी 1845 मध्ये मांडला, आणि फ्रान्समध्ये डार्सी यांनी पाईपांवर कसून प्रयोग केले:

```
h = f (L/d) (v^2 / 2g)
```

इथे v म्हणजे द्रवाचा वेग आणि g गुरुत्वत्वरण. हे कुठल्याही द्रवाला लागू पडतं, कारण द्रवाचं सगळं वागणं f या एका घर्षणांकात येतं. f दोन गोष्टींवर ठरतो: पाईपच्या आतला खरखरीतपणा आणि रेनॉल्ड्स अंक. रेनॉल्ड्स अंक म्हणजे वेग गुणिले व्यास, भागिले घनतेने भागलेली श्यानता. श्यानता म्हणजे द्रवाच्या थरांचा एकमेकांवरून सरकायला होणारा विरोध. थंडीत काकवी बाटलीतून उतरत नाही, ती या विरोधामुळे. वजनाशी याची गल्लत करू नये: खाण्याचं तेल पाण्याहून हलकं असतं, म्हणून तर तरंगतं, पण श्यानता त्याची कितीतरी जास्त.

आता तोच हिशेब दोन्ही सूत्रांनी करू. 50 मिमी आतल्या व्यासाचा गुळगुळीत पाईप, लांबी 100 मीटर, प्रवाह सेकंदाला 2 लिटर. वेग येतो सेकंदाला सुमारे 1 मीटर. हेझन-विल्यम्स, C 140 धरून, 2.5 मीटर हेड सांगतं. 15 अंशाच्या पाण्यासाठी डार्सी-वाइसबाख सांगतं 2.3 मीटर. एवढा फरक C चा अंदाज थोडा इकडेतिकडे केला तरी पडतो. गावच्या नळपाणी योजनेत हेझन-विल्यम्स वापरणाऱ्याला मी म्हणूनच अडाणी म्हणणार नाही. तिथे ते चांगलं काम करतं.

मग ग्लायकॉल. 30 टक्के मिश्रणाची श्यानता शून्य अंशाला 15 अंशाच्या पाण्याच्या सुमारे सहापट असते. रेनॉल्ड्स अंक 45,000 वरून 7,500 वर येतो, f 0.021 वरून 0.034 वर चढतो आणि हेड होतं 3.6 मीटर. हेझन-विल्यम्स अजून अडीचवरच बसलेलं असतं. त्यात ग्लायकॉलचं मिश्रण पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. तेवढीच थंडी पोहोचवायला प्रवाह सहा-सात टक्के वाढवावा लागतो, आणि हेड चार मीटरवर जातं. अडीच मीटर समजून घेतलेला पंप इथे कमी पडणारच.

चूक उलट्या बाजूनेही होते. 80 अंशाच्या गरम पाण्याची श्यानता 15 अंशाच्या पाण्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी असते. त्याच पाईपात खरं हेड 1.8 मीटर निघतं आणि हेझन-विल्यम्स अडीच सांगतं. इथे काही अडत नाही, फक्त पंप मोठा घेतला जातो आणि विजेचं बिल वर्षानुवर्षं भरलं जातं.

यावर बरेच जण एक तोडगा काढतात: ग्लायकॉल आहे ना, मग C थोडा कमी धरू. वरच्या उदाहरणात C 115 धरला तर जवळपास 3.6 मीटर येतात. पण ते उत्तर त्याच तापमानाला आणि त्याच प्रवाहापुरतं. मिश्रण उणे 10 अंशावर गेलं तर खरं हेड चारच्या वर जातं, आणि 115 हा आकडा आपल्याला काहीच कळवत नाही. प्रवाह अर्धा लिटरवर आणला तर रेनॉल्ड्स अंक 2,000 च्या खाली उतरतो. तिथे प्रवाह खळाळत नाही, थराथराने शांत सरकतो. रेनॉल्ड्स यांनी 1883 मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून हा बदल दाखवला होता. शांत प्रवाहात f म्हणजे सरळ 64 भागिले रेनॉल्ड्स अंक, पाईपचा खरखरीतपणा मोजावाही लागत नाही. मात्र अशा प्रवाहात नळीच्या भिंतीकडून उष्णता नीट उचलली जात नाही, आणि चिलरच्या नळ्यांमध्ये हे घडलं तर थंडीच कमी मिळते. 2,000 ते 4,000 च्या मधला पट्टा बेभरवशाचा, तिथे कुठलंच सूत्र विश्वासाने वापरता येत नाही. डिझाईन त्यातून बाहेर काढावं.

डार्सी-वाइसबाख मागे पडलं ते f काढायच्या कटकटीमुळे. कोलब्रुकच्या 1939 च्या समीकरणात f दोन्ही बाजूंना येतो, म्हणून पुन्हापुन्हा आकडेमोड करावी लागते. मूडी यांनी 1944 मध्ये त्याचा आलेख दिला. 1976 मध्ये स्वामी आणि जैन यांनी थेट सूत्र दिलं, ते साध्या कॅल्क्युलेटरवर एका झटक्यात सुटतं:

```
f = 0.25 / [log10( e/(3.7d) + 5.74/Re^0.9 )]^2
```

इथे Re म्हणजे रेनॉल्ड्स अंक आणि e म्हणजे खरखरीतपणाची उंची. नव्या स्टीलला ती साधारण 0.045 मिमी असते, प्लास्टिकला 0.0015. शांत प्रवाहाला हे सूत्र लावायचं नाही.

पाईपांच्या जाळ्याचा हिशेब करणारा EPANET हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी एक गोष्ट जपावी. त्यात मूळ निवड H-W असते. ती तशीच ठेवून Viscosity बदललीत तर घर्षणात फरक पडत नाही, आणि प्रोग्रॅम इशाराही देत नाही. असं लिहावं लागतं:

```
[OPTIONS]
 Units      LPS
 Headloss   D-W
 Viscosity  6.8
```

6.8 म्हणजे 20 अंशाच्या पाण्याच्या किती पट. D-W निवडल्यावर पाईपांचा Roughness रकानाही बदलावाच लागतो. तिथे आधीचा C 140 राहून गेला तर प्रोग्रॅम त्याला 140 मिमी खरखरीतपणा समजतो, तोही 50 मिमीच्या पाईपात.

आमच्या लाईनवर शेवटी रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकून मिश्रण तपासलं. 30 ऐवजी ते 36 टक्के निघालं. भरताना कुणीतरी ‘गोठायला नको’ म्हणून हात सैल सोडला होता. पाणी घालून ते 30 वर आणलं, शून्य अंशाची श्यानता धरून हिशेब नव्याने मांडला आणि पंपात मोठा इंपेलर बसवला. तापमानातला फरक 5 अंशावर आला.