क्रम कुठून आला: टॉवेल कारखान्याचं विसर्जन आणि दहा हजारांचा फरक

सोलापुरात भागीदारीच्या विसर्जनाचं गणित शिकवताना मी उदाहरण अक्कलकोट रोड एमआयडीसीतलंच घेतो. तीन भागीदार, काही यंत्रमाग, टॉवेलचा धंदा. पोरांना यंत्रमाग, सुताची उधारी, बँकेचं कर्ज हे सगळं घरातूनच माहीत असतं. चुकतं ते एकाच ठिकाणी: वसुलीचे पैसे हातात आले की ते कुणाला आधी द्यायचे.

गणित असं आहे. अ, ब आणि क नफा-तोटा समान वाटून घेतात. भांडवल अ चं 6,00,000, ब चं 3,00,000 आणि क चं 30,000 रुपये. बँकेचं कर्ज 2,50,000, तेही यंत्रमागांच्या तारणावर. सूत व्यापाऱ्यांची देणी 2,20,000. ब च्या पत्नीने फर्मला 50,000 दिलेत आणि अ ने भांडवलाशिवाय 1,00,000 कर्जाऊ दिलेत. दुसऱ्या बाजूला रोख 20,000, यंत्रमाग 8,00,000, सूत व तयार टॉवेल 4,30,000 आणि गिऱ्हाइकांकडून येणी 3,00,000. दोन्ही बाजू 15,50,000.

फर्म विसर्जित झाली. यंत्रमागांचे 5,80,000 आले, मालाचे 3,30,000, येण्यांतले 2,60,000. विसर्जनाचा खर्च 30,000. म्हणजे तोटा 2,20,000, 1,00,000, 40,000 आणि खर्चाचे 30,000 मिळून 3,90,000, प्रत्येकाच्या वाट्याला 1,30,000. हातात रोख 11,60,000.

आता क्रम. तो आज भारतीय भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 48 मध्ये आहे. त्याआधी भागीदारीचे नियम 1872 च्या करार कायद्यातच एका प्रकरणात होते. त्यातलं कलम 262 एवढंच सांगत असे की फर्मची मालमत्ता आधी फर्मच्या देण्यांना लावा आणि उरेल त्यातला भागीदाराचा हिस्सा त्याच्या खासगी देण्यांना. (हा नियम आजच्या कलम 49 मध्ये आहे.) फर्मच्या आत, भागीदारांमध्येच कोण आधी, हा पायऱ्यापायऱ्यांचा क्रम इंग्लंडच्या 1890 च्या कायद्यातील कलम 44 वर बेतून 1932 मध्ये आपल्याकडे लिहिला गेला. मसुद्याच्या समितीत सर दिनशा मुल्ला होते. कलम 44 आणि कलम 48 शेजारी ठेवून वाचली की सख्खी भावंडं वाटतात.

पायऱ्या चार. आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी भांडवलाशिवाय दिलेली रक्कम, मग भांडवल, आणि काही उरलंच तर ते नफ्याच्या प्रमाणात.

पहिल्या पायरीवर बँक 2,50,000 घेते. यंत्रमाग 5,80,000 ला गेले, त्यामुळे तारण पुरलं आणि वरचे पैसे सगळ्यांच्या रकमेत आले. यंत्रमाग 2,00,000 लाच गेले असते तर उरलेल्या 50,000 साठी बँक सूत व्यापाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली असती. मग सूत व्यापारी 2,20,000. आणि ब च्या पत्नीचे 50,000 याच पायरीवर. इथे निम्मा वर्ग घसरतो. घर एकच असलं तरी ती भागीदार नाही, कायद्याच्या नजरेत बाहेरची धनको आहे. एकूण 5,20,000 गेले, उरले 6,40,000.

दुसरी पायरी: अ चं 1,00,000 कर्ज. पैसे पुरेसे असल्याने ते आधी फेडलं काय नि नंतर फेडलं काय, या गणितात आकडा तोच येतो, म्हणून ही चूक उत्तरपत्रिकेत दडून राहते. पण हातातली रोख 5,20,000 च्या खाली गेली की ती उघडी पडते: तेव्हा त्या रोखीतून अ ला कर्जापोटी एक पैसा मिळत नाही, उलट ब आणि क ला घरून पैसे आणावे लागतात. सोलापूरची जुनी गिरणी कंपनी होती, तिच्या भागधारकाचं पूर्ण भरलेल्या शेअरइतकंच बुडे. यंत्रमागवाल्या भागीदाराचं तसं नाही, कलम 25 प्रमाणे फर्मच्या कर्जासाठी त्याला एकट्यालाही धरता येतं.

कर्ज फेडल्यावर उरले 5,40,000. हे 'प्रमाणात' द्यायचे म्हटलं की मुलं लगेच 6,00,000, 3,00,000 आणि 30,000 चं प्रमाण काढतात आणि क लाही काहीतरी देऊन टाकतात. प्रमाण मूळ भांडवलाचं नसतं. तोटा वजा केल्यावर ज्याचं जे येणं निघतं त्याचं असतं. अ चं येणं 4,70,000, ब चं 1,70,000, आणि क चे 30,000 संपून तोच फर्मला 1,00,000 लागतो. क ने ते आणले की 6,40,000 होतात आणि अ, ब यांचा हिशेब चोख बसतो.

पण क नादार आहे आणि त्याच्याकडून 40,000 च येतात असं धरू. राहिलेले 60,000 कुणी सोसायचे?

इथे 1903 साली लंडनमध्ये निकाल लागलेला गार्नर विरुद्ध मरे हा खटला येतो. तीन भागीदार, नफा समान, भांडवल फार असमान: गार्नरचं 2,500 पौंड, मरेचं 314, आणि विल्किन्सचं खातं 263 पौंडांनी उलटं, त्यात तो नादार. एकूण तूट 635 पौंड. विल्किन्सची तूटही नफ्याच्या प्रमाणात, म्हणजे निम्मी निम्मी वाटली असती तर लहान भांडवलाच्या मरेवर मोठा बोजा पडला असता. न्यायमूर्ती जॉइस यांनी कलम 44 चे शब्द धरून सांगितलं की प्रत्येकाने तोट्यातला आपापला हिस्सा आणावा. नादाराचा हिस्सा भरण्याची सक्ती इतरांवर नाही. मग जमलेली रक्कम भांडवलाच्या प्रमाणात वाटली जाते, आणि नादाराची तूट आपसूक भांडवलाच्या प्रमाणात पडते.

आपल्या आकड्यांत पाहा. अ आणि ब ने आपापले 1,30,000 रोख आणले असं धरा. म्हणजे त्यांची भांडवलं 6,00,000 आणि 3,00,000 शाबूत. रोख 5,40,000, क चे 40,000 आणि हे 2,60,000 मिळून 8,40,000. देणं 9,00,000, कमी 60,000. ते 2:1 ने पडतात, अ वर 40,000, ब वर 20,000. आणलेले 1,30,000 वजा केले की अ च्या हातात निव्वळ 4,30,000, ब च्या हातात 1,50,000.

बारावीच्या पद्धतीत मात्र ही तूट नफ्याच्या प्रमाणात घेतात. मग दोघांवर 30,000 आणि उत्तर 4,40,000 व 1,40,000. बेरीज दोन्हीकडे 5,80,000 च येते, त्यामुळे बेरीज जुळली म्हणून उत्तर बरोबर, असं इथे म्हणता येत नाही. पद्धत बदलली की दहा हजार अ च्या खिशातून ब च्या खिशात जातात.

कलम 48 ची सुरुवातच 'भागीदारांतील कराराच्या अधीन राहून' अशी आहे. तूट कशी सोसायची हे करारपत्रात लिहिलं असेल तर तेच चालतं. बँक आणि सूत व्यापाऱ्यांचा हक्क मात्र त्या करारानं कमी होत नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच करारपत्रांत विसर्जनाच्या जागी 'कायद्याप्रमाणे' हा एकच शब्द असतो. त्या शब्दाने ब ला 1,50,000 मिळतात.